स्पाइस्ड रमच्या बाटलीत नक्की काय मिसळलेलं असतं आणि त्याप्रमाणे कॉकटेलचं माप कसं बदलायचं

साध्या रमसाठी लिहिलेल्या कॉकटेलमध्ये नुसती बाटली बदलून स्पाइस्ड रम ओतली की बहुतेक वेळा ड्रिंक गोडमिट्ट, थोडं पातळ आणि कफ सिरपच्या वासाचं होतं. लोक दोष देतात रमला, पण खरं तर माप बदलायचं राहिलेलं असतं. स्पाइस्ड रममध्ये मसाला असतो हे नावावरूनच कळतं, पण मिक्सिंगमध्ये मसाल्याइतकाच गोंधळ घालतात त्या इतर तीन गोष्टी: आधीच घातलेली साखर, भरपूर व्हॅनिला आणि कमी ठेवलेलं अल्कोहोल. या तिन्ही आपल्या बाटलीत किती आहेत याचा अंदाज घरीच काढता येतो, आणि एकदा तो आला की कुठलीही रेसिपी जुळवता येते. फ्लेवर्ड व्होडका, कोकोनट रम, दालचिनीवाली व्हिस्की यांनाही हाच हिशोब लागतो.

आधी बाटलीत काय काय असतं ते

बेस असतो बहुतेक वेळा हलकी, कॉलम स्टिलमधली, म्हणजे उंच खांबासारख्या यंत्रात सलग डिस्टिल केलेली, थोडीशी बॅरलमध्ये ठेवलेली रम. त्यात व्हॅनिला जवळजवळ नेहमीच, आणि जोडीला दालचिनी, लवंग, ऑलस्पाइस, जायफळ, आलं, संत्र्याची साल यातलं काहीतरी. हा फ्लेवर खरा मसाला रममध्ये भिजवून येऊ शकतो, मसाला स्पिरिटमध्ये टाकून ते डिस्टिल करून येऊ शकतो, किंवा तयार अर्क नि फ्लेवर मिसळून येऊ शकतो, आणि मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या बाटल्यांमध्ये हा तिसरा मार्ग सोपा पडतो कारण प्रत्येक बॅच सारखी निघते. वर साखर, आणि रंगासाठी कॅरमेल. काळाकुट्ट रंग बघून "जुनी रम असणार" असं धरू नका, तो रंग कॅरमेलने सहज येतो आणि चवीत त्याचा वाटा फार कमी असतो.

व्हॅनिलाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त फसवतो तोच. व्हॅनिलाच्या वासाला स्वतःची गोडी नाही, पण आपण तो वास आयुष्यभर गोड पदार्थांसोबतच घेतलेला असतो, त्यामुळे तो नाकात गेला की तेवढ्याच साखरेचं ड्रिंक जिभेला जास्त गोड लागतं. म्हणजे स्पाइस्ड रमची गोडी दोन ठिकाणांहून येते, एक खरी साखर आणि एक वासातून वाटणारी. सिरप कमी करताना दोन्ही धरावे लागतात. नुसत्या साखरेचा हिशोब केला तर ड्रिंक गोडच राहतं, आणि नुसत्या जिभेवर विसंबून सिरप पूर्ण काढून टाकलं तर ते आंबट आणि पोकळ होतं, कारण वासाने गोडी वाटत असली तरी खऱ्या साखरेने येणारा दाटपणा वासातून मिळत नाही.

लेबल वाचा, तिथेच निम्मं कळतं

पहिली नजर अल्कोहोलच्या टक्क्यांवर. युरोपियन युनियनच्या नियमात रम म्हणजे किमान 37.5 टक्के, त्यात फ्लेवर घालायला बंदी, आणि गोडी आणायला लिटरमागे जास्तीत जास्त 20 ग्रॅम साखर. म्हणूनच तिथे कॅप्टन मॉर्गनच्या 35 टक्क्यांच्या स्पाइस्ड बाटलीवर नुसतं "रम" न लिहिता स्पिरिट ड्रिंक असं लिहावं लागतं. अमेरिकेत फ्लेवर्ड रमला 30 टक्क्यांपर्यंत खाली जाता येतं. फ्लेवर्ड व्होडकाला युरोपात 37.5 टक्के लागतात पण साखर मात्र लिटरला 100 ग्रॅमच्या आत कितीही चालते, आणि 100 च्या वर गेलं की साधारणपणे ते लिकर धरलं जातं.

यातून कामाची गोष्ट अशी की 40 किंवा त्याहून वर असेल तर ती बाटली रमच्या जागी बऱ्यापैकी उभी राहते, 35 च्या आसपास असेल तर तिला मदत लागणार, आणि 20-25 च्या घरात असेल (मालिबू बऱ्याच देशांत 21 टक्के आहे) तर तिला रम समजूच नका, ती रेसिपीत सिरपच्या जागी जाते. एकाच नावाची बाटली वेगवेगळ्या देशांत वेगळ्या टक्क्यांची असते हेही लक्षात ठेवा, सेलर जेरी अमेरिकेत 46 आणि ब्रिटनमध्ये 40 आहे, म्हणून कुणाचीतरी रेसिपी उचलताना त्याच्या हातात कुठली बाटली होती हा प्रश्न आधी विचारायचा.

साखर किती, याच्या दोन सोप्या चाचण्या

लेबलवर साखर सहसा लिहिलेली नसते. पण एक चमचाभर स्पाइस्ड रम आणि शेजारी एक चमचाभर साधी रम अशा दोन बशा रात्रभर उघड्या ठेवा, आचेजवळ नाही, गरम करायचं नाही. सकाळी साध्या रमच्या बशीत फार तर पुसट डाग दिसेल. दुसऱ्या बशीत बोट फिरवून बघा, बोट चिकटलं आणि चकचकीत थर दिसला तर साखर चांगलीच आहे. ही चाचणी आकडा देत नाही पण दोन बाटल्यांची तुलना फार छान होते. (ग्लिसरीन घातलेलं असेल तर तोही थर राहतो, त्यामुळे बोट चाखूनही बघा.)

आकडा हवा असेल तर अल्कोहोलमीटर, म्हणजे काचेचा तरंगणारा हायड्रोमीटर घ्या. रम 20 डिग्री सेल्सियसला आणा आणि रीडिंग घ्या. साखर द्रव जड करते त्यामुळे मीटर वर तरंगतो आणि अल्कोहोल खरं आहे त्याहून कमी दाखवतो. लेबलवर 40 आणि मीटरवर 35 आलं तर मधल्या 5 चा अर्थ लिटरला साधारण 20 ग्रॅम, म्हणजे टक्क्यामागे ढोबळ 4 ग्रॅम. तापमान चुकलं तर सगळं चुकतं, उबदार रममध्ये मीटर जास्त दाखवतो आणि साखर लपते.

यानंतर एक चव घ्यायचीच. 20 मिली रम नि 20 मिली साधं पाणी, बर्फ नको. पाणी घातल्यावर अल्कोहोलचा झटका कमी होतो आणि मागचं उघडं पडतं: आधी व्हॅनिला येतो का, लवंगेने जीभ थोडी बधिर होते का, दालचिनी शेवटी तिखट जळजळते का, का नुसताच कँडीसारखा वास राहतो. जे सगळ्यात पुढे येईल ते एका ओळीत लिहून ठेवा, पुढे जोडी जुळवताना तेच लागतं.

आता एक ड्रिंक पूर्ण जुळवून बघू, डाकिरी

साध्या रमची डाकिरी: 60 मिली रम (40 टक्के), 30 मिली लिंबाचा ताजा रस, 20 मिली सिरप. सिरप म्हणजे समान वजनाची साखर आणि पाणी, त्यात 1 मिलीला साधारण 0.6 ग्रॅम साखर येते, म्हणजे 20 मिलीत 12 ग्रॅम. शेक केल्यावर बर्फाचं पाणी धरून ग्लासात साधारण 160 मिली येतं, त्यात शुद्ध अल्कोहोल 24 मिली, म्हणजे 15 टक्के.

आता समजा आपली स्पाइस्ड रम 35 टक्क्यांची आहे आणि चाचणीत लिटरला 30 ग्रॅम साखर निघाली. 60 मिलीत 1.8 ग्रॅम साखर आली, म्हणजे फक्त 3 मिली सिरपएवढी. हा आकडा बघून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं, कारण तोंडात ती त्याहून कितीतरी जास्त गोड लागते, आणि तिथेच व्हॅनिलाचं काम दिसतं. म्हणून साखरेचे 3 वजा करायचे आणि व्हॅनिलासाठी अजून 3 ते 5, असं करत सिरप 12 ते 14 वर आणायचं. रस 30 च ठेवा. रस वाढवून गोडी मारायचा मोह होतो पण मग ड्रिंक आंबटही होतं आणि पातळही.

राहिलं अल्कोहोल. 60 मिली गुणिले 35 टक्के म्हणजे 21 मिली, साध्या डाकिरीपेक्षा 3 मिलीने कमी. सिरप 20 च ठेवलं असतं तर ग्लासात 13 टक्के उरले असते, आणि 2 टक्क्यांचा फरक ऐकायला छोटा असला तरी तोंडात स्पष्ट कळतो, घोट मधे पोकळ वाटतो आणि संपल्यावर फक्त मसाला मागे राहतो. रम वाढवून 70 केली तर अल्कोहोल येईल खरं पण त्याबरोबर व्हॅनिला नि साखरही वाढेल, म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच परत.

माझ्या मते यावर एकच चांगला उपाय आहे, बेस वाटून घ्या. 40 मिली स्पाइस्ड आणि 20 मिली साधी, न गोडवलेली, जरा दमदार रम, 50 टक्क्यांची मिळाली तर उत्तम. हिशोब बघा: 40 मिलीतून 14, 20 मिलीतून 10, बेरीज पुन्हा 24. साखर 1.2 ग्रॅमवर उतरली, मसाला एक तृतीयांशाने कमी झाला आणि साध्या रममधून उसाची, मोलॅसिसची खरी चव परत आली जी स्पाइस्ड बाटलीत व्हॅनिलाखाली दबलेली असते. सिरप आता 15 मिली. शेक करा 10-12 सेकंद, गाळून घ्या.

चाखताना घाई करू नका. एकदम थंड असताना गोडीही दबते आणि व्हॅनिलाचा वासही वर येत नाही, म्हणून पहिला घोट नेहमी बरा लागतो. पाच मिनिटांनी ग्लासाचा थंडपणा जरा कमी झाला की खरी परिस्थिती कळते. तेव्हा जड आणि चिकट लागलं तर पुढच्या ग्लासात सिरप 3 मिली कमी करा. आंबटपणा टोचतोय आणि मसाला कडवट वाटतोय तर उलट सिरप 3 मिली वाढवा, कारण लवंग आणि दालचिनीला थोडी साखर लागतेच, नाहीतर त्यांचा तुरटपणा उघडा पडतो.

मसाल्यावर मसाला

ओल्ड फॅशन्डसारख्या ढवळायच्या ड्रिंकमध्ये आंबट काहीच नसतं त्यामुळे गोडी झाकायला जागा नाही. तिथे सिरप शून्यावरून सुरू करा, चाखा, हवं तरच 2-3 मिली. बिटर्स, म्हणजे थेंबाथेंबाने घालायचा कडू मसालेदार अर्क, तोही बदला. अँगोस्टुरासारख्या ॲरोमॅटिक बिटर्सची चव स्वतःच लवंग-दालचिनीच्या अंगाने जाते, स्पाइस्ड रममध्ये दोन-तीन थेंबांऐवजी दोन डॅश, म्हणजे बाटली झटकून पडणाऱ्या दोन धारा, टाकले की पूर्ण ड्रिंक लवंगेचं होऊन बसतं. ऑरेंज बिटर्स घ्या आणि वरून संत्र्याच्या सालीचं तेल पिळा, सालीचा ताजा कडूपणा व्हॅनिलाला छान आवरतो.

कोलाबरोबर स्पाइस्ड रम सगळ्यात जास्त प्यायली जाते, आणि तिथे नेमकं हेच होतं, कोलाच्या फ्लेवरमध्येही व्हॅनिला, दालचिनी आणि लिंबूवर्गीय तेलांची चव असते. दोन्ही एकाच सुरात, वर दोन्ही गोड, त्यामुळे रम कुठे गेली कळत नाही. प्यायचीच असेल तर 45 मिली रमला 90-100 मिलीच कोला आणि 10 मिली लिंबाचा रस, हा रस सजावट नाही, त्याशिवाय ते ड्रिंक बसत नाही. मला स्वतःला साधा सोडा जास्त पटतो, 50 मिली स्पाइस्ड रम, 15 मिली लिंबू, वर 100 मिली सोडा, सिरप नाहीच. रममधली साखर इतक्याला पुरते. जिंजर बिअरही चांगली जाते कारण आल्याचा तिखटपणा व्हॅनिलाच्या विरुद्ध टोकाला उभा राहतो, फक्त तुमच्या बाटलीत आधीच दालचिनीची जळजळ जास्त असेल तर दोन्ही तिखट एकत्र येऊन घसा धरतात, अशा वेळी अर्धी जिंजर बिअर आणि अर्धा सोडा.

दूध, क्रीम, कॉफी यांच्यासोबत मात्र स्पाइस्ड रम साध्या रमपेक्षाही सरस ठरते, तिथे व्हॅनिला आणि मसाला हवेच असतात. गरम ड्रिंकमध्ये हात आखडता घ्या, उष्णतेने लवंग आणि अल्कोहोल दोन्हीची वाफ नाकात जाते. थंडमध्ये 50 मिली घालत असाल तर गरममध्ये 35-40 पुरे, आणि ड्रिंकमध्ये वेगळा अख्खा मसाला टाकूच नका.

बाकीची फ्लेवर्ड स्पिरिट्स

इथे लांबण लावत नाही, टक्केवारीप्रमाणेच वागा. फ्लेवर्ड व्होडका दोन प्रकारची मिळते, कोरडी आणि गोडवलेली, बशीची चाचणी लगेच सांगते. कोरडी असेल तर साध्या व्होडकाच्या मापाने घ्या. दालचिनी व्हिस्की (फायरबॉल 33 टक्के आहे) व्हिस्की म्हणून नका वापरू, 45 मिली साध्या व्हिस्कीत 15 मिली ती, आणि सिरप बंद. 21 टक्क्यांची कोकोनट रम डाकिरीत घ्यायची तर 45 मिली साधी रम, 20 मिली कोकोनट, 25 मिली लिंबू, आणि सिरप चाखल्यावर ठरवा, बहुतेक वेळा 5 मिलीच्या वर लागत नाही.

स्वतः बनवायची असेल तर मसाले वेगवेगळे भिजवा

सगळा मसाला एकाच बाटलीत टाकून आठवडाभर ठेवा असं सांगितलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. लवंग एका दिवसात सगळं देऊन टाकते आणि व्हॅनिलाला दोन-तीन आठवडे लागतात, एकत्र ठेवलं तर व्हॅनिला येईपर्यंत लवंग आणि दालचिनीचा लाकडी कडूपणाही उतरलेला असतो आणि तो परत काढता येत नाही. म्हणून पाच छोट्या काचेच्या बरण्या, प्रत्येकीत 50 मिली साधी व्होडका किंवा रम, 50 टक्क्यांच्या आसपास असेल तर अर्क चांगला उतरतो.

एकीत 4 लवंगा, 24 तास. दुसरीत 5 ग्रॅम दालचिनी, मोडून, दीड-दोन दिवस. जाड सालीची कॅसिया तिखट आणि जोरकस असते, पातळ पापुद्र्यांची सिलोन दालचिनी सौम्य असते, तिला अजून एक दिवस द्या. तिसरीत 8-10 ऑलस्पाइस, ठेचून, दोन दिवस. चौथीत एका संत्र्याची साल, आतला पांढरा भाग अजिबात नको, दोन दिवस. पाचवीत एक व्हॅनिलाची शेंग उभी चिरून, दोन ते तीन आठवडे. दिलेला वेळ झाला की लगेच गाळा, मसाला आत राहू देऊ नका. बाजारातली सुगंधी तेलं यात वापरू नका, ती खाण्यासाठी बनवलेली नसतील तर धोकादायक असतात आणि खाण्याची असली तरी एका थेंबाने बाटली वाया जाते.

मिसळताना आधी 100 मिलीच रम घ्या, बॅरलमधली, न गोडवलेली, 40 टक्क्यांच्या वर. त्यात व्हॅनिला 3 मिली, संत्रं दीड मिली, दालचिनी 1 मिली, ऑलस्पाइस अर्धा मिली, आणि लवंग ड्रॉपरने 4-5 थेंब, एवढ्यावर थांबा. चाखताना नेहमी बरोबरीने पाणी घालूनच चाखा. लवंग ओळखू आली तर ती जास्त झाली, बरोबर मापात ती वेगळी कळत नाही, फक्त सगळं जरा गोल वाटतं. मग साखर, 100 मिलीला 1.5 ते 2 ग्रॅम, म्हणजे लिटरला 15-20, बारीक साखर थेट रममध्ये हलवून विरघळवा, वेळ लागतो पण पाणी वाढत नाही. यापेक्षा जास्त साखर घालू नका, कॉकटेलमध्ये सिरप नंतर कधीही वाढवता येतं, बाटलीतली साखर काढता येत नाही. चव जमली की सगळं पाचपट करून 500 मिली बनवा आणि आठवडाभर बंद ठेवा, सुरुवातीला सुटे सुटे लागणारे मसाले तेवढ्यात एकमेकांत मिसळतात.

सोडा किंवा बर्फ घातल्यावर ही घरची रम थोडी दुधाळ दिसली तर घाबरू नका, सालीतली नि मसाल्यातली तेलं जास्त अल्कोहोलमध्ये विरघळून राहतात आणि पाणी वाढलं की बारीक थेंब होऊन बाहेर येतात. प्यायला काही अडचण नाही. स्वच्छच हवी असेल तर बाटली रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि थंड असतानाच कॉफी फिल्टरमधून गाळा, थोडा संत्र्याचा वास त्यात जाईल, तेवढा संत्र्याचा अर्क गाळल्यावर नाही तर आधीच वाढवून ठेवा, नंतर घातलात तर पुन्हा गढूळ होईल.